अकराव्या स्लाइडचा मथळा

“माही ‘पार्श्वभूमी’ कुठी गेली? अबे, कोणं खाल्ली माही ‘पार्श्वभूमी’?”

आमचे संचालक ओरडत होते. त्यांचा आवाज असा की आर्वीच्या आगारात आष्टीची एसटी मागे घेत असलेला ड्रायव्हर जागच्या जागी थांबला म्हणे. आगार आमच्या ऑफिसापासून अर्धा किलोमीटर. त्याला वाटलं, कंडक्टर थांब म्हणतोय. ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांतल्या निम्म्यांनी विश्वास ठेवला, आणि उरलेल्या निम्म्यांनी आमच्या संचालकांना कधी ऐकलेलं नव्हतं.

भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, उजेडात दुसरी स्लाइड. जिथे सात वर्षं इमानेइतबारे ‘पार्श्वभूमी’ लिहिलेलं असायचं, तिथे आता एक अख्खं वाक्य बसलं होतं: ‘दोन्ही गावांत कपाशीचं सर्वांत जास्त नुकसान गुलाबी बोंडअळी करते, असं शेतकरी सांगतात.’

“मी खाल्ली, सर,” मी म्हणालो.

“काऊन?”

“मॅडमनी सांगितलं होतं.”

आता ही मॅडम कोण, ते सांगतो. आमची संस्था छोटी. आष्टीकडच्या दोन गावांत कपाशीच्या शेतांत पतंग पकडायचे कामगंध सापळे लावायचं काम आम्ही एक हंगाम केलं होतं. त्याला पैसा पुरवणाऱ्या संस्थेच्या समितीवर या पुण्याच्या मॅडम मुख्य. दुसरा हंगाम द्यायचा की नाही, हे त्याच ठरवणार होत्या, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात येणार होत्या. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा मेल आला होता, चार ओळींचा: मागची पीपीटी मी दोनदा पाहिली, पण तुम्हाला काय म्हणायचं आहे ते कळलं नाही. या वेळी प्रत्येक स्लाइडचा मथळा पूर्ण वाक्यात लिहा, त्या स्लाइडवरून काय समजायचं ते सांगणारा. बाकी काही बदलू नका.

संचालकांनी मेल वाचला तो ‘पीपीटी’ आणि ‘बदलू’ एवढाच. मला पाठवून खाली लिहिलं: ‘फॉन्टचं पाहून घेजो.’

मी फॉन्टचं पाहिलं नाही. मी मथळ्यांचं पाहिलं, आणि पाहता पाहता माझं डोकं फिरलं. अठरा स्लाइड. पहिलीवर संस्थेचं नाव, शेवटचीवर ‘धन्यवाद’, आणि मधल्या सोळांवर ‘पार्श्वभूमी’, ‘उद्दिष्टे’, ‘उपक्रम’, ‘निरीक्षणे’, ‘आव्हाने’, ‘पुढील वाटचाल’ असली नावं. हे मथळे उचलून कुक्कुटपालनाच्या पीपीटीवर ठेवले असते तरी चालले असते. गर्भसंस्काराच्या शिबिरालाही चालले असते. आमच्या ऑफिसात ‘आव्हाने’ हा शब्द इतक्या स्लाइडवर बसून गेला होता की त्याला पेन्शन लागू व्हायला हवी होती.

मी एक पद्धत बसवली. स्क्रीनवर मथळ्याच्या जागी हात धरायचा, खालचं सगळं वाचायचं, आणि स्वतःला विचारायचं: बाबा रे, हे पाहून तू घरी जाऊन काय सांगशील? जे सांगशील ते क्रियापदासकट एका वाक्यात लिहायचं. मग उलटी तपासणी. त्या वाक्यातला एकेक शब्द घेऊन विचारायचं, तुझा पुरावा या स्लाइडवर कुठे आहे? पुरावा नसेल तर शब्द बाहेर. ‘पार्श्वभूमी’च्या वाक्यात मी शेवटी ‘असं शेतकरी सांगतात’ उगाच जोडलं नव्हतं. त्या स्लाइडवर आमचं मोजमाप नव्हतंच, शेतकऱ्यांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होती. ते तीन शब्द काढले असते तर वाक्य छान सुटसुटीत झालं असतं, आणि खोटं.

हे सगळं मी संचालकांना सांगायला लागलो, पण ते ऐकण्याच्या स्थितीत नव्हते.

“‘आव्हाने’ कुठी आहे?”

मी ती स्लाइड काढून दाखवली. ‘लोक सापळे लावायला तयार आहेत, अडचण ते दर आठवड्याला तपासण्याची आहे.’

“हे तं तू आपली बदनामी करून राह्यला!”

“सर, खाली तुमचेच तीन मुद्दे आहेत. तिन्हीत हेच लिहिलं आहे. मी एक अक्षर हलवलं नाही.”

“मुद्दे खाली असतेत. खाली कोण पाह्यते?”

“म्हणूनच मॅडम वर लिहा म्हणतात.”

त्यांनी रुमालाने मान पुसली. एप्रिल होता, आणि आर्वीच्या एप्रिलात पंखा हवा देत नाही, नुसती इकडची गरमी तिकडे करतो. “मंग आता ‘धन्यवाद’चं काय केलं? थे बी लंबं केलं काय?”

“ते तसंच ठेवलं, सर. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.”

या बोलण्यावर माझी नोकरी तिथल्या तिथे गेली असती. पण बोलता बोलता माझं बोट बटणावर पडलं आणि भिंतीवर अकरावी स्लाइड आली.

अकरावीवर आधी ‘सापळ्यांचे निकाल’ असं होतं. खाली बारा आठवड्यांचा आलेख. सापळ्यांत दर आठवड्याला किती नर पतंग सापडले, त्याची रेघ. रेघ सहा आठवडे चढत जाते आणि मग बागेतल्या घसरगुंडीसारखी थेट खाली येते. या स्लाइडवर मी लिहिलं होतं: ‘सापळ्यांमुळे बोंडअळी आटोक्यात आली.’

संचालकांनी मथळा दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग असे हसले, की त्यांची अक्कलदाढ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

“याले म्हणतेत मथळा! अबे, हे आधी काऊन नाई दाखवलं? बाकीचे राहू दे तुह्ये जसेच्या तसे. चहा सांग!”

मी फुगलो. खोटं कशाला सांगू, मला ते वाक्य स्वतःलाच फार आवडलं होतं. बाकीची पंधरा वाक्यं मी एकेका शब्दाची झडती घेऊन आत सोडली होती. हे एकटं असं रुबाबात आलं, की मी दाराशी उभं राहून सलाम ठोकला आणि आत जाऊ दिलं.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

“भाऊ, थे माह्यं नाई.”

तिथे आमच्या ताई बसल्या होत्या. आष्टीच्या पलीकडच्या गावातल्या, घरची पाच एकर कपाशी. दोन्ही गावांतले चाळीस सापळे दर सोमवारी पायी फिरून त्यांनीच तपासले होते, पतंग त्यांनीच मोजले होते, आणि त्यांच्याच वहीतून ती रेघ निघाली होती. उद्या मॅडमना वही दाखवायची म्हणून सकाळच्या एसटीने आल्या होत्या आणि तासभर आमचं भांडण एखाद्या तमाशासारखं बघत होत्या.

“काय नाई तुमचं, ताई?” संचालकांनी विचारलं.

“आटोक्यात आली असं म्या कुठीच नाई लिहिलं. खाली पाहा ना, बारीक अक्षरात काय आहे थे.”

मी भिंतीजवळ गेलो. आलेखाच्या खाली, मुंगीनेही चष्मा लावावा इतक्या बारीक अक्षरांत तळटीप होती: ‘सहाव्या आठवड्यानंतर ल्यूर बदलता आले नाहीत. पुढील आकडे ते लक्षात घेऊन वाचावेत.’

ती मी वाचली होती. हेच तर वाईट. वाचली होती, आणि वाचून सोडून दिली होती.

ज्यांना कपाशी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोंडअळीचाच पुढे पतंग होतो. सापळ्यात एक छोटी रबराची गोळी टांगतात, तिला ल्यूर म्हणतात. तिला मादी पतंगाचा वास असतो. त्या वासाने नर येतो आणि सापळ्यात अडकतो. आमच्या ल्यूरचा वास तीन आठवडे टिकायचा. म्हणजे तीन आठवड्यांनी गोळी बदलायची. आम्ही एकदा बदलली. सहा आठवडे झाले, आणि दुसऱ्यांदा बदलायचं राहिलं. वास उडाला, पतंग यायचे थांबले, रेघ खाली आली. अळी कुठे गेली नव्हती. आमचं आमंत्रण बंद झालं होतं, एवढंच.

“दहाव्या आठवड्यात म्या बोंडं फोडून पाह्यली,” ताई म्हणाल्या. “आत अळ्या होत्या.”

“हे पीपीटीत नाही, ताई,” मी म्हणालो. “जे स्लाइडवर नाही ते मथळ्यात नाही टाकता येत मला.”

“मंग नोका टाकू. पण आटोक्यात आली असं बी नोका टाकू.”

मी लॅपटॉपशी बसलो आणि ते रुबाबदार वाक्य पुसलं. पुसताना माझं काळीज किती तुटलं ते सांगत बसलो तर तुम्ही रडाल.

“अबे, काय करून राह्यला?” संचालक उठले. “तळटीप आहे ना खाली! खोटं कुठी बोलून राह्यलो आपण? वाचणारा वाचन.”

“वर म्हणायचं आटोक्यात आली आणि खाली म्हणायचं आकडे जपून वाचा? वरचं वाक्य खालच्याला खोटं पाडतं, सर.”

“तूच तं लिहिलं होतं!”

“हो. मीच चुकलो होतो.”

“मंग जुनं टाक. ‘सापळ्यांचे निकाल’. माह्यं काही म्हणणं नाई. साधं, सोपं.”

पाहा गंमत. तासाभरापूर्वी ज्या माणसाला सगळेच जुने मथळे हवे होते, त्याला आता पंधरा वाक्यं चालत होती, जुने दोन शब्द हवे होते ते या एका स्लाइडपुरतेच.

“नाही टाकणार,” मी म्हणालो.

“काय?”

“नाही टाकणार, सर. पंधरा स्लाइड तोंड उघडून बोलतील आणि ही एकटीच तोंडाला फडकं बांधून बसेल. मॅडम आधी तिथेच बोट ठेवतील. टाकायचं तर सोळाही मथळे जुने टाका, आणि उद्या मॅडमना सांगा की तुमचा मेल आम्ही फॉन्टसाठी वाचला.”

“तू अर्थ बदलून राह्यला!”

“अर्थ खालीच होता. मी फक्त वर आणला. अर्थ मी आधीच्या मथळ्यात बदलला होता, तेव्हा तुम्ही चहा सांगितला.”

चहा तेवढ्यात आलाच. कोणी हात लावला नाही. त्यावर साय धरली, आणि त्या सायीवर एक माशी येऊन आरामात फिरून गेली.

“तुह्या जागी दुसरा बसवतो मी.”

“बसवा. त्यालाही तळटीप वाचायला सांगा.”

संचालकांनी मग मला सोडलं आणि ताईंकडे वळले. आवाज एकदम खाली आला, आणि त्यांचा खाली आलेला आवाज वरच्यापेक्षा जड असतो. “ताई, तुमालेच सांगतो. उद्या हे असं दाखवलं तं दुसरा हंगाम गेला. चाळीस सापळे गेले. तुमी हंगामभर पायपीट केली, थे सारं गेलं. तुमाले चालन काय?”

ताईंनी वही मांडीवर सरळ केली. मी मनात म्हणत होतो, बाई, नाही चालणार म्हण, माझी सुटका होईल. माझ्या सगळ्या शूरपणाचं वजन तेव्हा एवढंच होतं.

“गेले तं गेले,” ताई म्हणाल्या. “पण अळी आटोक्यात आली म्हणून सांगतलं, अन मॅडमनं म्हटलं, मंग आता सापळ्याचं काय काम, तं? तरी बी सापळे जातीनच ना? अन गावात हा कागद गेला तं लोकं बोंडं फोडून पाहणं सोडतीन. माह्या पाच एकरात बी अळी आहे, सर. थे का तुमचा मथळा वाचते?”



मग मी लिहायला लागलो. पहिलं वाक्य: ‘ल्यूर न बदलल्यामुळे प्रयोग फसला.’ तेही पुसलं. प्रयोग फसला असं स्लाइड कुठे म्हणत होती? पहिले सहा आठवडे तर चोख होते. रागाच्या भरात दुसऱ्या टोकाला जाणं हाही अर्थ बदलणंच. शेवटी जमलं ते असं: ‘सहाव्या आठवड्यापर्यंत पतंग वाढत गेले, त्यानंतर ल्यूर बदलले नाहीत, म्हणून पुढची घट अळी कमी झाल्याची खूण मानता येत नाही.’ लांबडं झालं. दोन ओळी लागल्या. पण एकेक शब्द तपासला, सगळ्यांचा पुरावा खाली हजर होता. ताईंना वाचून दाखवलं.

“हे माह्यं आहे,” त्या म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र मी मथळ्यात आणली नाही, आणि ती आम्हा तिघांनाही माहीत होती. ल्यूर का बदलले नाहीत? ते वेळेवर आले होते. कुरिअरने अख्खं खोकं आलं होतं. संचालकांनी ते, कोणी इकडे तिकडे करू नये म्हणून, आपल्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलं आणि किल्ली खिशात घालून प्रशिक्षणाला निघून गेले. प्रशिक्षण कसलं, तर साहित्याच्या व्यवस्थापनाचं. प्रशिक्षणावरून मेव्हण्याच्या घरी, मेव्हण्याकडून लग्नाला. ताई तीन वेळा एसटीने आल्या आणि तीन वेळा कपाटाकडे बघून परत गेल्या. कुलूप तोडा म्हणून मी म्हटलं होतं, असं मी आता सगळ्यांना सांगतो. तेव्हा म्हटलं नव्हतं.

पण कपाट स्लाइडवर नव्हतं. म्हणून ते मथळ्यातही आलं नाही. नियम म्हणजे नियम, तो मला गोड लागो की कडू.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. बरोबर दोघे जण. मॅडम बोलायला हळू, आणि बघायला तहसीलदारासारख्या. मी स्लाइड पुढे नेत होतो आणि त्या फक्त मथळे वाचत होत्या. खाली नजर जायची ती मथळा खरा आहे का हे बघायला, दुकानात नोट उजेडात धरून बघतात तशी. दहा स्लाइड झाल्या. अकरावी आली, गेली, बारावी आली.

“मागची परत दाखवा,” मॅडम म्हणाल्या.

दाखवली. त्यांनी मथळा वाचला. रेघ बघितली. तळटीप वाचायला खुर्ची सोडून भिंतीपर्यंत गेल्या.

“ल्यूर का बदलले नाहीत?”

ताईंनी खाली बघितलं. मी संचालकांकडे बघितलं आणि मनात हिशेब केला: आता म्हणतील पुरवठा नव्हता. आता म्हणतील पाऊस होता, रस्ता बंद होता, गावातल्या लोकांनी दुर्लक्ष केलं. शेवटचं म्हटलं असतं तर मी उठून उभा राहणार होतो, असं मी ठरवलं होतं. पाय उठले असते की नाही, ते पायांनाच माहीत.

संचालक उभे राहिले. शर्टाची बाही खाली ओढली.

“कपाटाची किल्ली माझ्याजवळ होती,” ते म्हणाले. “मी इथे नव्हतो.”

एवढंच. त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत लहान वाक्य असावं ते. आणि आवाज असा, की आगारातल्या ड्रायव्हरला तो ऐकू जाणं सोडाच, मलाच कान पुढे करावा लागला.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. “ठीक आहे. पुढची,” म्हणाल्या. मग पुढची, मग पुढची. ‘धन्यवाद’ला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जेवताना मॅडमनी ताईंची वही मागून घेतली आणि एका हाताने भाकरी खात दुसऱ्या हाताने सगळी पानं उलटली. दहाव्या आठवड्याच्या पानावर थांबल्या आणि बोंडांबद्दल विचारलं. ताईंनी सांगितलं.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. दुसरा हंगाम मंजूर, पण एकाच गावात. सापळे अर्धे. आणि एक अट: ल्यूर संस्थेच्या ऑफिसात ठेवायचे नाहीत, गावातच ठेवायचे, बदलल्याची तारीख प्रत्येक वेळी लिहायची. संचालकांनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. माझ्या जागी दुसरा बसवायचं ते विसरले, की मुद्दाम आठवलं नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही. एवढं खरं की त्यानंतर कोणतीही पीपीटी माझ्याकडे आली की सोबत चिठ्ठी असते: ‘मथळे पाहून घेजो. अकरावीवर नीट.’ मग ती नऊच स्लाइडची असली तरी.

पत्र घेऊन मी दुसऱ्याच दिवशी ताईंच्या गावी गेलो. मंजूर झालेलं गाव त्यांचंच. फोनवर सांगता आलं असतं, पण असली गोष्ट फोनवर सांगून वाया कोण घालवतो? ताई ओसरीत तूर निवडत होत्या. मी बसलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी कसा एकटा सगळ्यांना पुरून उरलो. ‘नाही टाकणार’ म्हणताना ऑफिसच्या खिडक्या कशा थरथरल्या. मॅडम तळटीप वाचायला भिंतीशी गेल्या तेव्हा मी कसा छाती काढून उभा होतो. ताई तिथेच बसल्या होत्या हे मी सांगता सांगता पार विसरलो होतो. आठवलं तेव्हा शेवटावर आलो होतो, थांबणं शक्य नव्हतं. मथळा कसा असावा, तर असा, की बंद कपाट आपोआप उघडावं, असं काहीतरी म्हणालो आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

ताईंनी सुपातला एक खडा वेचला आणि अंगणात टाकला.

“बरं,” त्या म्हणाल्या. “ल्यूर कवा येतेत?”